खानावळवालाही खाडा धरतो: मुलांचे डाउट सोडवणाऱ्या ॲप-कंपन्यांना खुलं पत्र

प्रति,
शाळकरी मुलांचे डाउट लाइव्ह कॉलवर आणि चॅटवर सोडवून देणाऱ्या कंपन्यांचे संचालक

स. न.

४ जानेवारीला रात्री साडेआठच्या सुमारास तुमच्यापैकी एका कंपनीचा संदेश माझ्या मोबाइलवर आला. १५ जानेवारीपासून लाइव्ह कॉलची सोय फक्त नव्या, वरच्या प्लॅनमध्ये मिळेल. जुन्या सदस्यांना चॅट ‘पूर्वीसारखंच अमर्याद’ मिळत राहील. कॉल हवा असेल तर मार्चपर्यंतचे ४,५०० रुपये जादा भरा. खाली हसरा चेहरा आणि ‘तुमच्या पाल्याच्या यशासाठी’ वगैरे.

माझी मुलगी दहावीत आहे. जूनमध्ये मी याच कंपनीला वर्षाचे ११,९९९ रुपये एकरकमी भरले, ते ‘लाइव्ह कॉल आणि चॅट, दोन्ही अमर्याद’ असं लिहिलेलं वाचूनच. शर्तींच्या कुठल्या तरी कलमात ‘सेवेचं स्वरूप बदलण्याचा हक्क कंपनीला राहील’ असंही लिहिलेलं होतं, ते मी जानेवारीत वाचलं. चूक माझीच, पण बोर्डाचा पहिला पेपर महिन्यावर आलेला असताना हे कलम बाहेर काढणं ही तुमची निवड आहे. ती मला गप्प बसून मान्य करता येत नाही, म्हणून हे पत्र.

कंपनीचं नाव मी इथे लिहीत नाही. गेल्या पाच वर्षांत अशा तीन कंपन्यांशी माझा या ना त्या नात्यानं संबंध आला आणि तिन्हींची रीत सारखीच निघाली. त्यामुळे एकीला झोडपून बाकीच्यांना सोडावं असं वाटत नाही.

‘या ना त्या नात्यानं’ म्हणजे काय ते सांगते. मी कराडजवळच्या एका अनुदानित शाळेत १९ वर्षं गणित शिकवते. कोरोनात शाळा बंद होत्या, घरात एकच पगार पुरत नव्हता, तेव्हा मी सोळा महिने रोज संध्याकाळी सात ते दहा तुमच्यासारख्याच एका कंपनीत डाउट सोडवायला बसत होते. हेडफोन, लिहायचं पॅड, आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात पळणारं घड्याळ. म्हणजे पैसे भरणारी आईही मीच आणि पलीकडे बसलेली ‘मॅम’ही मीच. त्यामुळे पुढे जे लिहिलंय ते नुसतं गिऱ्हाइकाचं रडगाणं समजू नका.

आधी कॉल आणि चॅटमधला फरक सांगते, कारण तुमच्या संदेशातून असं वाटतं की एक काढून दुसरं दिलं तरी मुलांचं फारसं बिघडत नाही.

डिसेंबरमधली गोष्ट. लेक बीजगणिताची उजळणी करत होती. प्रश्न होता: 5x + 3y = 21 आणि 2x − y = 4 ही समीकरणं क्रेमरच्या पद्धतीनं सोडवा. यात आधी D हा निश्चयक काढायचा: (5)(−1) − (3)(2). म्हणजे −5 − 6, उत्तर −11. पोरीनं मधलं वजाचं चिन्ह गिळलं आणि −5 + 6 = 1 असं लिहिलं. पुढचा Dx तिनं बरोबर काढला, −33. मग x = −33 ÷ 1 = −33. ही किंमत समीकरणात घालून पाहिली, जमेना. कुठे चुकलं ते कळेना. मी शाळेच्या कामात होते. तिनं ॲप उघडलं.

ॲपमध्ये फोटो काढायला जी चौकट येते, ती एका प्रश्नापुरती. मूल प्रश्न पाठवतं, स्वतः केलेलं गणित पाठवत नाही, कारण चौकटीत ते मावतच नाही. पन्नास सेकंदांत उत्तर आलं. समोरच्यानं y = 2x − 4 धरलं, पहिल्या समीकरणात घातलं, 11x = 33, म्हणून x = 3, y = 2. खाली एक वाक्य, ‘आशा आहे तुझी शंका दूर झाली’. आणि डाउट बंद.

उत्तर शंभर टक्के बरोबर आहे, पण तिच्या उपयोगाचं नाही. प्रश्नातच पद्धत सांगितली आहे आणि आमच्या बोर्डात गुण D, Dx, Dy यांच्या पायऱ्यांना मिळतात. क्रेमरची पद्धत बालभारतीच्या दहावीच्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात आहे, एनसीईआरटीच्या दहावीच्या पुस्तकात नाही. समोरचा मुलगा बहुधा सीबीएसईत शिकलेला, दुसऱ्या राज्यातला. त्याचा दोष नाही. त्याच्या स्क्रीनवर ‘दहावी, गणित’ एवढंच दिसतं, बोर्ड दिसत नाही. माझ्या काळात तरी दिसत नव्हतं, आणि या उत्तरावरून आजही दिसत नसावं.

तिनं पुन्हा विचारलं. तो नवा डाउट धरला गेला, दुसऱ्या कुणाकडे गेला. त्यानं क्रेमरनं सोडवून दिलं, सुबक अक्षरात, D = −11. पण ‘माझा 1 का आला?’ याचं उत्तर त्यातही नव्हतं. मग तिनं कॉल लावला. त्या बाई म्हणाल्या, “वही कॅमेऱ्यासमोर धर बरं.” वही दिसली आणि चूक दिसली. “वजाच्या पुढचा गुणाकार कंसात लिहायची सवय लाव,” म्हणाल्या, आणि लगेच तसंच एक नवं उदाहरण घालून तिच्याकडून करून घेतलं. सगळा मिळून सहा मिनिटांचा खेळ. त्यानंतर ती चूक तिनं केलेली मी पाहिली नाही.

डाउट बहुतेक वेळा पुस्तकातल्या प्रश्नाबद्दल नसतो, मुलाच्या वहीतल्या ओळीबद्दल असतो. ती ओळ कुणी पाहिली नाही तर उत्तर मिळतं आणि डाउट तसाच राहतो. भूमितीत तर हे फारच जाणवतं. पक्ष आणि साध्य मुलं बिनचूक लिहितात. अडतं ते सिद्धतेच्या तिसऱ्या-चौथ्या ओळीला, कारण लिहिताना. पूर्ण सिद्धता फोटो काढून पाठवलीत तर मूल ती पाठ करतं.

चॅट वाईटच, असं मी म्हणत नाही. साठ मुलांच्या वर्गात जे मूल तोंड उघडत नाही, ते रात्री दहाला चॅटवर निवांत विचारतं, हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलंय. सूत्र आठवत नाही, पुस्तकामागचं उत्तर चुकलंय का, अमुक भाग परीक्षेला आहे का, असल्या प्रश्नांना चॅटच बरं. पण मी घरी एक लहानसा प्रयोग केला. लेकीचे बंद झालेले २० डाउट घेतले, आकडे बदलून आठवड्यानंतर तिला पुन्हा सोडवायला दिले. कॉलवर सुटलेल्या ८ पैकी ७ तिला आले. चॅटवर सुटलेल्या १२ पैकी ४. एका मुलीवरून जगाचा नियम काढायचा नसतो हे गणिताच्या बाईला कळतं. तरीही हा प्रयोग तुम्ही तुमच्या हजारो मुलांवर करून आकडे छापावेत, एवढं मागायला तो पुरेसा आहे.

आता हे असं का होतं, ते मला आतून ठाऊक आहे. आमच्या स्क्रीनवर सरासरी वेळ दिसायची. एका डाउटला सात मिनिटांच्या वर गेलं की आकडा लाल व्हायचा. संध्याकाळी आठनंतर गर्दी वाढली की एका वेळी तीन-तीन चॅट समोर यायचे. एका मुलाला ‘तू काय केलंस ते सांग’ असं विचारून थांबलं, की तोवर दुसरा ताटकळायचा, आणि पहिल्यानं दोन मिनिटांत टाइप केलं नाही की त्याचा डाउट आपोआप ‘सुटलेला’ म्हणून बंद व्हायचा. मला चॅटच्या एका डाउटला १५ रुपये मिळत आणि कॉलला ४०. उत्तर फेकून पुढे गेलं तर तासाला जास्त सुटायचे. शिवाय मुलं पटकन उत्तर देणाऱ्याला पाच तारे देतात. ‘आधी तू करून दाखव’ म्हणणाऱ्या मास्तरांना तीन. मलाही सुरुवातीला तीनच मिळायचे. मग मीही शहाणी झाले, आणि त्याची मला आजही लाज वाटते.

आता पैशांचं. माझा खरा आक्षेप इथे आहे.

तुमच्या विक्रीवाल्या मुलीनं जूनमध्ये मला सांगितलं होतं, “मॅडम, दिवसाला फक्त ३३ रुपये, दोन कप चहाचे.” ११,९९९ ला ३६५ नं भागलं की ३३ रुपये येतात, भागाकार बरोबर आहे. पण दहावीच्या मुलीचं वर्ष ३६५ दिवसांचं नसतं. मार्चमध्ये परीक्षा संपते. एप्रिल आणि मे हे दोन महिने माझ्या पैशांत धरलेत आणि तिच्या काहीच कामाचे नाहीत.

मी वहीत नोंद ठेवली होती, शिक्षकी खोड. जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांत तिनं १९ डाउट विचारले. सप्टेंबरात, सहामाहीच्या तोंडावर, २७. ऑक्टोबर-नोव्हेंबर मिळून ६, कारण दिवाळी आणि आजोळ. एकट्या डिसेंबरमध्ये ४२. एकूण ९४, त्यातले २९ कॉलवर, बाकी चॅटवर. सात महिन्यांचे म्हणून ७,००० रुपये धरले तर एका डाउटला सुमारे ७५ रुपये पडले. एकूण रकमेत सुमारे १,८३० रुपये जीएसटी आहे, तो तुमच्या खिशात जात नाही, हेही मला समजतं. सर्व्हर आहेत, जाहिरात आहे, पर्यवेक्षक आहेत. ७५ रुपये मला महाग वाटत नाहीत. खरोखर सुटलेल्या डाउटला मी शंभरही देईन.

खुपतं ते वेगळंच. ‘अमर्याद’ या शब्दाचा हिशेब खानावळीच्या अमर्याद थाळीसारखा असतो. थाळीची किंमत कमी खाणाऱ्यांच्या भरवशावर ठरते. चार जण दोन पोळ्यांत उठतात म्हणून पाचव्याला आठ वाढता येतात. वर्षाचे पैसे आधीच घेतलेल्या कंपनीला जो मुलगा काहीच विचारत नाही तो सगळ्यांत फायद्याचा, आणि जी मुलगी डिसेंबरमध्ये ४२ डाउट विचारते ती तोट्याची. तुमच्या मनात वाईट नसेलही. पण जितकं मूल विचारेल तितका तुमचा खर्च वाढेल, अशी ही किंमतीची रचना आहे, आणि मग ती रचना आपलं काम करते. कॉलचं बटण तिसऱ्या पडद्यावर जातं. रांग लांबते. ‘चॅटवर लवकर उत्तर मिळेल’ असा सल्ला वर दिसू लागतो. आणि परीक्षेच्या महिन्यात, नेमके कॉल वाढतात तेव्हा, कॉल वरच्या प्लॅनमध्ये सरकतो. ४ जानेवारीच्या संदेशाचं मला आश्चर्य वाटलं नाही ते यामुळेच. ज्यांनी खूप खाल्लं त्यांच्यासमोरून ताट ओढलं, इतकंच.

कॉलेजात असताना मी साताऱ्यात खानावळीत जेवत असे. काकू कडक होत्या, जास्तीची चटणी मागितली तरी डोळे वटारायच्या. पण महिनाअखेरीस वही उघडून खाडे धरायच्या. गावी गेले ते चार दिवस वजा. दूधवाला खाडा धरतो, पेपरवाला धरतो. तुमच्याकडे इतकं सॉफ्टवेअर आहे, लेकीनं कुठल्या दिवशी किती वाजता ॲप उघडलं ते तुम्हाला सेकंदासकट ठाऊक आहे, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरचे खाडे तेवढे धरता येत नाहीत?

वसुलीच्या बाबतीत मात्र तुमचं सॉफ्टवेअर फार हुशार आहे. माझ्या शाळेतल्या एका विद्यार्थ्याचे वडील एसटीत चालक आहेत. त्यांनी मुलाला असंच एक ॲप ‘सात दिवस मोफत’ म्हणून घेऊन दिलं. मोफत असूनही सुरुवातीलाच ऑटोपेची परवानगी घेतली गेली. वर्षभराचे पैसे गेले, ते त्यांनी जाणूनबुजून दिले, तक्रार नाही. पण मुलगा दहावी होऊन आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या ट्रेडला गेला आणि पुढच्या जूनमध्ये ‘अकरावी विज्ञान’ म्हणून पुन्हा ११,९९९ कापले गेले.

पालकांना यातली मेख माहीत नसते, म्हणून सांगते. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे परवानगी एकदा दिली की १५,००० रुपयांपर्यंतच्या पुढच्या वसुल्यांना दर वेळी ओटीपी लागत नाही. ही मर्यादा आधी ५,००० होती, जून २०२२ मध्ये वाढवली. पैसे कापण्याच्या किमान २४ तास आधी सूचना द्यावी लागते, आणि ती आलीही होती. इंग्रजीत, रात्रपाळीच्या गाडीवर असलेल्या माणसाच्या मोबाइलवर, कर्जाच्या आणि लॉटरीच्या दहा संदेशांच्या मधोमध. ११,९९९ चा वार्षिक प्लॅन १५,००० च्या आत बसतो. तो मुद्दाम बसवलाय असं मी म्हणत नाही, पण बसतो खरा. महिन्याला हजार रुपये कापले असते तर जुलैतच लक्षात आलं असतं आणि नुकसान हजाराचं झालं असतं. ज्यांच्याकडे असं काही चालू आहे त्या पालकांनी आपल्या यूपीआय ॲपमध्ये ऑटोपेची यादी उघडून पाहावी. परवानगी तिथूनच रद्द करता येते, कंपनीच्या पाया पडावं लागत नाही.

केंद्राच्या शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर २०२१ मध्येच पालकांना सावध केलं होतं की वर्गणीसाठी आपोआप पैसे कापण्याचा पर्याय टाळा. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये फसव्या रचनांची जी यादी काढली, त्यात वर्गणीचा सापळा आहे. मोफत सेवेसाठी पैसे कापण्याची परवानगी मागणं आणि बंद करण्याची वाट लपवणं, दोन्ही त्यात येतं. ‘बिनव्याजी हप्ते’ म्हणून जे गळ्यात मारलं जातं ते प्रत्यक्षात एखाद्या वित्तसंस्थेचं कर्ज असतं, आणि शिकवणी थांबली तरी हप्ता थांबत नाही, हे तर आता गावोगावी माहीत झालंय. त्यावर जास्त लिहीत नाही.

राहिला विश्वास. तुमच्या जाहिरातीत तो मोठ्या अक्षरात असतो. पालकसभेत आया मला काय विचारतात ते सांगू? “मॅडम, पलीकडं कोण असतं?” एवढंच. किती तास, किती विषय, कुठल्या कॉलेजचे शिक्षक, हे कुणी विचारत नाही. रात्री साडेनऊला माझी पंधरा वर्षांची पोरगी दार लोटून एका अनोळखी माणसाशी बोलतेय, तो कोण?

आणि याचं उत्तर आज तुमच्या ॲपमध्ये सापडत नाही. ‘राहुल सर’ किंवा ‘नेहा मॅम’ असं काहीतरी दिसतं. मी स्वतः सोळा महिने एका भलत्याच नावानं बसले होते. ते नाव कंपनीनं दिलेलं. माझी पदवी एकदा पाहिली होती, पोलीस पडताळणी कुणी मागितली नाही. माझ्या कॉलचं रेकॉर्डिंग व्हायचं, पण ते पर्यवेक्षक ऐकायचे, पालकांना ते असतं हेही ठाऊक नव्हतं. एका मुलीनं माझा व्हॉट्सॲप नंबर मागितला होता, निरागसपणे, ‘मॅम, तुमच्याकडूनच शिकायचंय’ म्हणून. मी दिला नाही. पण न देणं माझ्यावर सोपवलेलं होतं. कुणी दिला असता तर कंपनीला कळायची सोय नव्हती.

त्यातच एक लाजिरवाणं काम आमच्याकडून करून घेतलं जायचं. कॉल चांगला झाला की शेवटी विचारायचं, ‘घरी आई-बाबा आहेत का? त्यांना फोन दे बरं.’ आणि वरच्या प्लॅनची माहिती सांगायची. ज्या शिक्षकानं आत्ता मुलीची चूक समजावून दिली, त्याच्याच तोंडून विक्री. पुढच्या वेळी त्या शिक्षकानं ‘तुला अजून बराच सराव हवा’ असं सांगितलं, तर ते गणिताबद्दल आहे की प्लॅनबद्दल, हे आईनं कसं ओळखायचं?

तेव्हा माझ्या मागण्या अशा.

१. जूनमध्ये ज्यांनी कॉल आणि चॅट दोन्हींचे पैसे भरले, त्यांना बोर्डाची परीक्षा संपेपर्यंत दोन्ही त्याच पैशांत द्या. ते जमत नसेल तर उरलेल्या काळाचे पैसे बँकेत परत करा. कूपन नको. शिकवणी वर्गांसाठी शिक्षण मंत्रालयानं जानेवारी २०२४ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यांत मध्येच सोडणाऱ्या विद्यार्थ्याचे उरलेल्या काळाचे पैसे १० दिवसांत द्यावेत असं आहे. गावातल्या क्लासवाल्याकडून जी अपेक्षा, ती तुमच्याकडूनही.

२. पुढच्या जूनपासून वार्षिक अमर्याद प्लॅनच्या शेजारी, तितक्याच मोठ्या अक्षरात, कॉलचं पासबुक विका. वीस किंवा चाळीस कॉल, शैक्षणिक वर्ष संपेपर्यंत वापरा, उरले तर पैसे परत. म्हणजे मुलानं विचारलं की तुम्हालाही मिळेल. आणि ज्यांना महिन्याचीच वर्गणी हवी त्यांच्यासाठी थांबवण्याचं बटण ठेवा. दिवाळीत आणि मे महिन्यात खाडा धरा.

३. डाउट बंद करण्याचा हक्क मुलाचा. त्याच प्रश्नावर पुन्हा विचारलं तर तो नवा डाउट धरू नका, आणि शक्यतो त्याच शिक्षकाकडे पाठवा. फोटोची दुसरी चौकट द्या, ‘मी इथपर्यंत आले’ अशी. शिक्षकाच्या स्क्रीनवर बोर्ड आणि माध्यम दाखवा. सेमी-इंग्रजीच्या मुलीला ‘डिटर्मिनंट’ही कळतं आणि ‘निश्चयक’ही, पण मराठी माध्यमाच्या मुलाला हिंदीत समजावलेलं ‘सारणिक’ कळत नाही.

४. शिक्षकाचं खरं नाव, शिक्षण, आणि पोलीस पडताळणी झाली की नाही, हे कॉल सुरू होण्याआधी दिसू दे. कॉलमध्ये कॅमेरा वहीवर, मुलाचा चेहरा आपोआप दिसायला नको. प्रत्येक कॉलचं रेकॉर्डिंग आणि चॅट पालकांच्या लॉगिनमध्ये किमान वर्षभर राहू दे. पालक रोज ऐकणार नाहीत. पण ऐकता येतं हे पलीकडच्याला माहीत असणं पुरेसं आहे. आणि शिक्षकांना विक्री सांगू नका. त्यांना डाउटमागे नव्हे, तासामागे पैसे द्या, म्हणजे ते ‘तू करून दाखव’ म्हणायला मोकळे होतील.

५. मोफत चाचणीसाठी ऑटोपेची परवानगी मागू नका. वार्षिक नूतनीकरण आपोआप करू नका. मूल दहावीतून अकरावीत जाताना तर नाहीच. पैसे कापण्याआधीची सूचना पालकांनी निवडलेल्या भाषेत पाठवा.

यातलं काही अशक्य असेल तर कुठलं आणि का, ते आकड्यांसह लिहा. मी वाचेन. पासबुकानं तुमची वर्षाची आगाऊ रक्कम कमी होईल, शिक्षकांचे पगार जूनऐवजी डिसेंबरच्या पैशांतून द्यावे लागतील, ही अडचण खरी आहे. वर्षभर सारखे शिक्षक बसवायचे आणि गर्दी मात्र तीनच महिन्यांत, हेही मी पाहिलंय. त्यासाठी परीक्षेच्या महिन्यांत कॉलचा दर थोडा जास्त ठेवायचा असेल तर तोही ठेवा, फक्त जूनमध्ये सांगा. एसटीच्या हंगामी भाडेवाढीची आम्हाला सवय आहे. अर्ध्या वाटेत, घाटात गाडी थांबवून जादा तिकीट फाडायची नाही.

६ जानेवारीला मी तुमच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना ई-मेल केला. ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे ४८ तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण व्हायला हवं. आज २० जानेवारी, पोच आलेली नाही. ६ फेब्रुवारीपर्यंत वाट पाहीन, त्यानंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवेन. माझी आणि त्या चालकाची, दोन्ही.

लेकीचे डाउट सध्या मीच सोडवतेय. काल तिनं विचारलं, “आई, तू एका डाउटला किती मिनिटं देणार?”

आपली,
एक आई, आणि कधीकाळी तुमच्याच पलीकडच्या बाजूला बसलेली एक मॅम
कराड, २० जानेवारी